एसओपीला क्रमांक दिले, तरी रात्रपाळीत तीच चूक पुन्हा होते: परिच्छेद फोडताना काय राहून जातं

अडचण अशी आहे. कार्यपद्धती लिहिलेली आहे, सगळ्यांनी वाचून सही केलेली आहे, लॅमिनेट करून भिंतीवर लावलेली आहे. तरीही प्रसंग आला की प्रत्येक जण वेगळं काहीतरी करतो. मग कोणीतरी सुचवतं की परिच्छेद फार मोठे आहेत, पायऱ्या पायऱ्यांनी लिहा. तुम्ही लिहिता. महिनाभराने पुन्हा तोच घोळ होतो.

आमच्याकडे हे तीनदा झालं. मी नागपुरात धंतोलीच्या एका खासगी रुग्णालयात क्वालिटीचं काम बघते. ज्या एसओपीने आम्हाला सगळ्यात जास्त दमवलं ती औषधांच्या फ्रिजची होती: तापमान मर्यादेबाहेर गेलं तर काय करायचं. इन्शुलिन, लसी आणि अशी बरीच औषधं 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर 45 अंश असतात, फार्मसीचा एसी वीज जाताच बंद पडतो आणि फ्रिजच्या आतला आकडा बघता बघता चढू लागतो. म्हणून ही एसओपी कपाटातल्या फाइलसाठी नसून रात्री दोन वाजता एकट्या माणसाने उभ्या उभ्या वाचण्यासाठी आहे.

मूळ मजकूर असा होता:

"औषध साठवणुकीच्या शीतपेटीचे तापमान विहित मर्यादेबाहेर गेल्याचे आढळल्यास तात्काळ संबंधितांना कळवण्यात यावे व तापमानाची नोंद घेऊन आवश्यकता भासल्यास औषधे पर्यायी शीतपेटीत हलवून त्यांच्या वापराबाबत योग्य तो निर्णय घेण्यात यावा. वीजपुरवठा खंडित झाल्यास शक्यतो शीतपेटीचे दार उघडू नये. औषधे गोठणार नाहीत याची दक्षता घेण्यात यावी."

व्याकरणात चूक नाही, माहितीही खोटी नाही. पण पहिल्या प्रसंगात रात्रपाळीच्या माणसाने अलार्म वाजताच दार उघडलं आणि फ्रीझरमधले कडक गोठलेले आइस पॅक थेट इन्शुलिनच्या खोक्यांना टेकवून ठेवले. त्याला औषधं थंड ठेवायची होती, हेतू चांगलाच होता. पण इन्शुलिन एकदा गोठलं की वितळल्यावर वापरता येत नाही, आणि कुठलं खोकं गोठलं, कुठलं वाचलं, हे बाहेरून सांगता येत नाही. त्यामुळे पॅकला टेकलेला सगळा साठा काढून टाकावा लागला. दार उघडू नका आणि गोठू देऊ नका या दोन्ही सूचना कागदावर होत्या, पण औषधं हलवून झाल्यानंतरच्या ओळींमध्ये. वाचणारा तिथे पोहोचेपर्यंत काम होऊन गेलं होतं.

दुसऱ्यांदा उलट झालं. ड्युटीवरच्या माणसाने काहीच केलं नाही. आवश्यकता भासली की नाही हे त्याला ठरवता येईना, आणि "संबंधित" म्हणजे कोण हेही कळेना. तो सकाळपर्यंत थांबला.

पहिला उपाय, आणि तो का फसला

त्यानंतर मी तो परिच्छेद फोडला आणि सात क्रमांक टाकले. त्यातले पहिले तीन असे होते: "1. तापमान मर्यादेबाहेर गेल्याचे आढळल्यास संबंधितांना तात्काळ कळवावे. 2. तापमानाची नोंद घ्यावी. 3. आवश्यकता भासल्यास औषधे पर्यायी शीतपेटीत हलवावीत." दिसायला नेटकं होतं, सगळ्यांना आवडलंही.

तिसरा प्रसंग या क्रमांकांवर घडला. रात्री वीज गेली, जनरेटरवर फ्रिजचा बोर्ड आला नाही, तासाभराने वीज परत आली. ड्युटीवरच्या दादांनी तेव्हा थर्मामीटर बघितला तर 7.6. मर्यादेत. त्यांनी प्रामाणिकपणे 7.6 लिहिलं आणि पहाटे वॉर्डात औषधं दिली. सकाळी फार्मासिस्टने थर्मामीटरची आठवण तपासली, तर कमाल आकडा 11.2 होता. मी दादांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम जी, आकडा त बराबर होता. कागदावर लिवलं हाय, मर्यादेबाहेर गेला त करा. मंग मी काहून काही करू?"

ते चुकले नव्हते. कागदाने त्यांना "आत्ता आकडा किती" एवढंच विचारलं होतं. विचारायला हवं होतं "मधल्या वेळात आकडा किती चढला होता". हा प्रश्न कागदावर कुठेच नव्हता, तो फार्मासिस्टच्या डोक्यात होता. मी परिच्छेदाच्या ओळी वेगळ्या केल्या होत्या, त्यात दडलेले निर्णय मात्र जिथल्या तिथेच राहिले होते.

परिच्छेदात निर्णय कुठे लपतो

हे शोधायला मराठीतच एक सोपी खूण आहे, आणि ती मला फार उशिरा दिसली. आपली कार्यालयीन मराठी तीन प्रत्ययांवर चालते. प्रत्येक प्रत्यय काहीतरी लपवतो.

पहिला "-ल्यास". आढळल्यास, भासल्यास, खंडित झाल्यास. प्रत्येक "ल्यास" म्हणजे एक फाटा. वाक्यात त्याची एकच बाजू लिहिलेली असते. वीज खंडित झाल्यास काय ते सांगितलेलं असतं, न झाल्यास काय ते सांगितलेलं नसतं. वाचणारा ती दुसरी बाजू स्वतःच्या मनाने भरतो, आणि दादांनी 7.6 बघून तेच केलं.

दुसरा "-ण्यात यावे". कळवण्यात यावे, घेण्यात यावा. यात काम असतं पण करणारा नसतो. रात्री फार्मसीत एक माणूस, वॉर्डात दोन सिस्टर आणि खाली सुरक्षा रक्षक असताना "कळवण्यात यावे" हे वाक्य कोणाचंच नसतं.

तिसरा "-ऊन". नोंद घेऊन, हलवून. हा सगळ्यात निरुपद्रवी दिसतो आणि सगळ्यात जास्त गोंधळ करतो. "नोंद घेऊन, आवश्यकता भासल्यास औषधे हलवून निर्णय घ्यावा" या एका दमात तीन कामं आहेत आणि मध्ये एक फाटा. बोलताना आपण असंच बोलतो, म्हणून लिहिताना ते खटकत नाही. पण हाताने काम करणारा माणूस एका वाक्याचं एकच काम लक्षात ठेवतो, बहुधा शेवटचं.

म्हणून आता मी आधी कागदाची मोठ्या अक्षरात प्रिंट काढते आणि तीन रंगांचे पेन घेऊन बसते. "ल्यास"ला लाल, "ण्यात यावे"ला निळा, "ऊन"ला हिरवा. हिरव्याच्या वेळी डोळा दोन्ही रूपांवर ठेवावा लागतो: "घेऊन"मध्ये ऊ अक्षर म्हणून येतो, "हलवून"मध्ये मात्रा म्हणून, आणि दुसरा हमखास सुटतो. मूळ मजकुराच्या तीन वाक्यांत लाल तीन निघाले, निळे तीन, हिरवे दोन. तीन वाक्यांत तीन फाटे, आणि त्यातल्या एकाचीही दुसरी बाजू लिहिलेली नाही. शिवाय "विहित मर्यादा", "योग्य तो", "शक्यतो" असे शब्द चौकटीत घेते. अशा प्रत्येक शब्दाच्या जागी नंतर आकडा, नाव किंवा वेळ बसवायची. ती बसवता येत नसेल तर आपल्यालाच उत्तर माहीत नाही, हे तिथे उघड होतं. मग पेन खाली ठेवून फार्मासिस्टकडे जायचं.

निळ्यांना करणारा देणं आणि हिरवे तोडणं हे तासाभराचं काम आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. लाल वेळ खातात.

लाल खुणांचा प्रश्न कसा करायचा

प्रत्येक "ल्यास"चा एक प्रश्न होतो, पण कोणताही प्रश्न चालत नाही. मी "औषधे हलवण्याची गरज आहे का?" असा प्रश्न लिहून बघितला. तो "आवश्यकता भासल्यास"च झाला, फक्त प्रश्नचिन्ह लावलेला. उत्तर देणाऱ्याला त्या क्षणी डोळ्यांनी दिसतं किंवा कानांनी ऐकू येतं तेच विचारायचं. "थर्मामीटरवर आकडा दिसतो का?" चालतो. "आकडा 2.0 ते 8.0 मध्ये आहे का?" चालतो, पण तिथे टोकांचं काय ते लिहावंच लागतं. बरोबर 8.0 असेल तर आत की बाहेर? आमच्याकडे आत धरायचं ठरलं आणि तसं कंसात छापलं.

उत्तरं मोजायची. मी हो आणि नाही लिहून थांबले होते, तेव्हा मेट्रन मॅडमनी विचारलं, थर्मामीटरचा सेल संपला असेल तर? हे तिसरं उत्तर होतं. म्हणून आकड्याच्या आधी आकडा दिसतो का हा प्रश्न आला.

आणि जो निर्णय त्या माणसाच्या हातात नाही, तो त्याला विचारायचाच नाही. तापमान 11.2 पर्यंत गेलेलं औषध वापरायचं की फेकायचं, हे रात्रीच्या माणसाने ठरवायचं नाही. ते त्या त्या औषधावर आणि तापमान किती वेळ वर होतं त्यावर ठरतं. फार्मासिस्ट उत्पादक कंपनीला विचारून ते ठरवतात. 8 च्या वर गेलं म्हणजे औषध खराबच झालं असं नसतं, आणि चांगलं दिसतं म्हणून चांगलंच आहे असंही नसतं. त्यामुळे जुन्या मजकुरातला "योग्य तो निर्णय" रात्रीपुरता एका कृतीत बदलला: लाल पट्टी लावा, कोणाला देऊ नका. पट्टी लावलेला साठा 2 ते 8 मध्येच ठेवायचा, कारण नंतर तो वापरण्याजोगा ठरला तर मधल्या वेळात बिघडलेला नको. या एका बदलाने कागदावरचा सगळ्यात अवघड फाटा नाहीसा झाला.

आइस पॅकचंही तसंच केलं. "गोठणार नाहीत याची दक्षता" हे हाताने करता येत नाही. पॅक फ्रीझरमधून काढून बाहेर ठेवायचा आणि कानाजवळ धरून हलवायचा. आत पाणी हलल्याचा आवाज आला की तो वापरायचा. लसीकरणाच्या कामात ही जुनी रीत आहे. पॅकमधलं बर्फ वितळायला लागलं की त्याचं तापमान शून्याच्या खाली राहत नाही, म्हणून टेकलेली कुपी गोठण्याची भीती कमी होते. दक्षतेच्या जागी एक आवाज आला. तो आला किंवा नाही आला, तिसरं काही नाही.

शेवटी उभी राहिलेली पद्धत

हा चौथ्या आवृत्तीचा मजकूर आहे. सूचना आज्ञार्थी ठेवल्या आहेत, आणि काम कोणाचं ते वरच लिहिलं आहे: रात्रपाळीचा फार्मसी कर्मचारी. कधी सुरू करायचं: अलार्म वाजला किंवा वीज गेली की.

1. फ्रिजचे दार बंद ठेवा. उघडण्याची वेळ आली की पायरी 9 किंवा 11 तसे सांगेल.
2. वेळ लिहा.
3. थर्मामीटरवर आकडा दिसतो का? हो: पायरी 4. नाही: पायरी 7.
4. आताचा आकडा लिहा. MAX/MIN बटण दाबा, कमाल आणि किमान आकडा लिहा.
5. आताचा आकडा 2.0 ते 8.0 मध्ये आहे का (2.0 आणि 8.0 धरून)? हो: पायरी 6. नाही: पायरी 7.
6. कमाल आणि किमान दोन्ही आकडे 2.0 ते 8.0 मध्ये आहेत का? हो: पायरी 12. नाही: पायरी 10.
7. फार्मासिस्टला फोन करा. नंबर दारावर आहे. 10 मिनिटांत उचलला नाही तर दुसरा नंबर लावा. तोही लागला नाही तर ड्युटी डॉक्टरांना सांगा. त्यानंतर पायरी 8.
8. औषधांचा दुसरा फ्रिज 2.0 ते 8.0 दाखवतो का? हो: पायरी 9. नाही: पायरी 11.
9. सगळी औषधे एकाच फेरीत त्या फ्रिजमध्ये ठेवा. पायरी 10.
10. औषधे आता ज्या फ्रिजमध्ये आहेत त्यावर लाल पट्टी लावा. फार्मासिस्ट पट्टी काढेपर्यंत त्यातले औषध देऊ नका. मध्येच औषध लागले तर फार्मासिस्टला फोन करा. पायरी 12.
11. आइस पॅक फ्रीझरमधून बाहेर काढा. हलवल्यावर पाण्याचा आवाज येतो का? नाही: पॅक बाहेरच राहू द्या, औषधांच्या फ्रिजचे दार बंद ठेवा, 5 मिनिटांनी पुन्हा हलवा. हो: पॅक कोल्ड बॉक्समध्ये ठेवा, मध्ये पुठ्ठा लावा, औषधे भरा, झाकण बंद करा, लाल पट्टी लावा. फार्मासिस्ट येईपर्यंत झाकण उघडू नका. काम संपले.
12. औषधे ज्या फ्रिजमध्ये आहेत त्याचा हिरवा दिवा लागला आहे का? हो: रजिस्टरमध्ये सही करा, काम संपले. नाही: इलेक्ट्रिशियनला फोन करा, 15 मिनिटांनी त्या फ्रिजसाठी पायरी 3 पासून पुन्हा करा. तिसऱ्या फेरीतही दिवा नसेल तर पायरी 7.

दादांचा प्रसंग यावर चालवून बघा. आकडा दिसतो, म्हणून 3 वरून 4. लिहिलं 7.6, कमाल 11.2. पायरी 5 ला उत्तर हो. पायरी 6 ला नाही. म्हणून 10: पट्टी. मग 12: वीज आहे, सही, संपलं. औषधं हलली नाहीत, दार उघडलं नाही, आणि पहाटे वॉर्डात काही गेलं नाही. त्यांना काहीही "ठरवावं" लागलं नाही, तीन आकडे आणि एक दिवा बघावा लागला.

पायरी 10 नंतर 12 वर जायचं, हे मी सुरुवातीला लिहिलं नव्हतं. पट्टी लावली की काम संपलं असं लिहिलं होतं. मग आकडा मर्यादेत आहे, कमाल बाहेर आहे आणि वीज अजून आलेलीच नाही, अशा वेळी माणूस पट्टी लावून निघून गेला असता आणि फ्रिज तापत राहिला असता. हे सापडलं ते प्रत्येक फाटा बोटाने शेवटपर्यंत चालवल्यामुळे. मी तेव्हापासून प्रत्येक "हो" आणि "नाही" पेन्सिलने टिपते. टीक नसलेलं उत्तर म्हणजे ती वाट अजून कोणी चाललेलं नाही. वाटेच्या शेवटी "काम संपले" हेच शब्द यायला हवेत. ते नसतील आणि पुढची पायरीही नसेल, तर माणूस तिथे उभा राहतो. मागे नेणाऱ्या वाटेला फेऱ्यांची मर्यादाही हवी, म्हणून 12 मध्ये "तिसऱ्या फेरीतही" आहे. पायरी 11 च्या पाच-पाच मिनिटांना मात्र मर्यादा नाही, कारण पॅक कधीतरी वितळणारच.

कागदावर बरोबर, हातात चूक

यानंतर आम्ही औषधं काढून रिकाम्या केलेल्या फ्रिजवर सराव घेतला. ज्यांनी ही आवृत्ती पाहिली नव्हती अशा एका सिस्टरना कागद दिला, फ्रिजचा प्लग काढला आणि मी गप्प उभी राहिले. गप्प राहणं महत्त्वाचं आहे. लेखक शेजारी असला की वाचणारा त्याच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतो. त्या कुठे थांबतात, कुठली ओळ दुसऱ्यांदा वाचतात, कुठे मान वर करतात, एवढंच मी लिहीत होते.

त्या पायरी 4 ला थांबल्या. MAX/MIN दाबल्यावर आधी कमाल येतो की किमान, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि दोन्ही आकडे त्याच जागी दिसत होते. मग थर्मामीटरच्या शेजारी त्याच्या काचेचा फोटो चिकटवला, त्यावर बाण काढले. दुसरी गोष्ट जास्त गंभीर निघाली. कमाल आकडा 13 च्या वर आला, फ्रिज दिवसभर व्यवस्थित चालला असतानाही. सकाळी नवा माल लावताना दार बराच वेळ उघडं होतं, तेव्हाचा तो आकडा आठवणीत तसाच राहिला होता. म्हणजे रात्री अलार्म वाजला की पायरी 6 दर वेळी "नाही"च म्हणणार, दर वेळी पट्टी लागणार, आणि दहा दिवसांत लोक पट्टीकडे बघायचं सोडणार.

याचा उपाय रात्रीच्या कागदात नव्हताच. तो दिवसाच्या कागदात गेला: रोज सकाळी आणि माल लावून झाल्यावर, फार्मासिस्टने आकडे रजिस्टरमध्ये उतरवायचे आणि मगच आठवण कोरी करायची. एका एसओपीतला प्रश्न दुसऱ्या एसओपीतल्या सवयीवर उभा असतो, हे परिच्छेदाच्या काळात आम्हाला कधी दिसलंच नव्हतं, कारण तिथे प्रश्नच नव्हता.

क्रमांक सरकले की

नव्या मांडणीने एक नवी अडचण आणली. परिच्छेदात "पायरी 10 वर जा" नसतं, त्यामुळे मध्ये वाक्य घुसवलं तरी काही मोडत नाही. इथे मध्ये एक पायरी घातली की पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकतात आणि हाताने टाइप केलेला "पायरी 10" चुकीच्या पायरीकडे बोट दाखवतो. आमच्या तिसऱ्या आवृत्तीत हे झालं होतं. एका ठिकाणी "नाही" म्हटलं की थेट "काम संपले" वर जात होतं.

Word मध्ये लिहीत असाल तर पायऱ्यांना त्याचीच क्रमांकयादी द्या, आणि "पायरी 10" मधला 10 टाइप करू नका. References मध्ये Cross-reference उघडा, Numbered item निवडा, Insert reference to मध्ये Paragraph number घ्या. पायरी घातल्यावर Ctrl+A आणि मग F9 दाबा, सगळे संदर्भ नव्या क्रमांकांवर येतात. एखादी पायरी कोणी पुसून टाकली असेल तर त्या जागी Error! Reference source not found. असं दिसतं. ते दिसलं तर बरंच, निदान कुठली वाट तुटली ते प्रिंट काढण्याआधी कळतं. F9 दाबायचं राहिलं तर मात्र जुना आकडा निमूट तसाच राहतो. म्हणून प्रिंट काढण्याआधी टिकांचा तो फेरा पुन्हा एकदा करते.

सगळ्याच एसओपींना मी हे करत नाही. फ्रिज पुसायची पद्धत, रजिस्टर कोणत्या कपाटात असतं, यांत फाटे नाहीत. तिथे साधी यादी पुरते. आणि एकाच प्रश्नाला चार-पाच उत्तरं असतील, जसं कोणतं औषध कोणत्या तापमानाला ठेवायचं, तर तिथे पायऱ्या लावल्या की माणूस हरवतो. त्याला तक्ता हवा: डावीकडे औषध, उजवीकडे आकडा. आमच्या कागदातले 2.0 आणि 8.0 आमच्या साठ्याचे आहेत. तुमच्या खोक्यावर जे छापलं आहे ते तुमचं.

"गोठू नये म्हणून", "दार उघडल्याने गरम हवा आत जाते म्हणून" अशी कारणं मी पायऱ्यांमधून काढली, पण फेकली नाहीत. ती कागदाच्या मागच्या बाजूला आहेत, पायरीच्या क्रमांकासह. शिकताना ती वाचायची. रात्री वाचायची गरज नाही, पण कारण माहीत नसलेला माणूस पायरी गाळतो, म्हणून ती कुठेतरी असायलाच हवीत.

चौथी आवृत्ती लावल्यावर दोन आठवड्यांनी मी फार्मसीत गेले, तर दादांनी कॅलेंडर बाजूला करून दाखवलं. मागे जुना, सात क्रमांकांचा लॅमिनेट केलेला कागद अजून खिळ्याला होता. नवा फ्रिजच्या दारावर, जुना कॅलेंडरमागे, आणि नवीन लागलेल्या मुलाने तोच जुना पाठ केला होता. तो काढला. आता आवृत्तीच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला आहे: जुन्या प्रती कुठे कुठे लावल्या होत्या, किती होत्या, आणि परत किती आल्या. परत आलेल्यांचा आकडा लावलेल्यांइतका झाल्याशिवाय नव्या आवृत्तीवर माझी सही होत नाही.